दर महिन्याला ‘फक्त पंधरा दिवस’: सरकणारा माइलस्टोन कसा ओळखायचा

अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यात नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटचं प्लॅनिंग तुमच्याकडे आलं, की दर महिन्याला एक रिपोर्ट काढावा लागतो. त्यात प्रत्येक टप्प्यापुढे अपेक्षित तारीख असते. अडचण अशी, की नवी तारीख लिहिताना जुनी पुसली जाते. डाय पंधरा दिवस लांबली, एवढंच मीटिंगला दिसतं. मागच्या महिन्यातही ती पंधरा दिवसच लांबली होती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माइलस्टोन ट्रेंड चार्ट ही विसरलेली गोष्ट समोर ठेवतो.

आमच्याकडच्या एका डाय कास्टिंग पार्टचंच बघा. जानेवारीच्या रिपोर्टात डायची पहिली ट्रायल 15 एप्रिलला होती. एक फेब्रुवारीला ती 30 एप्रिल झाली, एक मार्चला 15 मे, एक एप्रिलला 31 मे. दर वेळचं कारण वेगळं आणि खरं होतं: कधी स्टील उशिरा आलं, कधी हीट ट्रीटमेंटला नंबर लागला नाही.

चार्टसाठी एक्सेल पुरतं. पहिल्या कॉलममध्ये रिपोर्टची तारीख, पुढच्या प्रत्येक कॉलममध्ये एकेका माइलस्टोनची त्या दिवशी सांगितलेली तारीख. दर रिपोर्टाला खाली नवी ओळ जोडायची, जुनीला हात लावायचा नाही. मग स्कॅटर चार्ट काढायचा: आडव्या अक्षावर रिपोर्टची तारीख, उभ्यावर माइलस्टोनची. दोन्ही अक्षांची सुरुवात आणि शेवट एकच ठेवा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी रेषा ओढा. त्या रेषेवर दोन्ही तारखा सारख्या असतात, म्हणजे माइलस्टोनची रेघ तिला टेकते तेव्हा ते काम पूर्ण झालेलं असतं. रेघ आडवी चालली तर काम वेळेवर, खाली उतरली तर लवकर, वर चढली तर उशीर.

आमच्या ट्रायलची रेघ सरळ चढत होती. किती चढते आहे ते एक्सेलच सांगतं (A मध्ये रिपोर्टच्या तारखा, B मध्ये ट्रायलच्या):

```
=SLOPE(B2:B5,A2:A5)
```

उत्तर आलं साधारण 0.51. म्हणजे दिवस एक जातो आणि तारीख अर्धा दिवस पुढे पळते. एक एप्रिलला ट्रायल कागदावर 60 दिवसांवर होती, पण अंतर रोज अर्धाच दिवस कमी होत होतं. 60 ला (1 − 0.51) ने भागा, 122 दिवस येतात. हाच वेग राहिला तर रेघ तिरक्या रेषेला टेकणार एक ऑगस्टच्या आसपास, 31 मेला नाही. उतार 1 आला तर रेघ तिरक्या रेषेला समांतर धावते आणि कधीच टेकत नाही.

त्याच चार्टवर दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. ट्रायलनंतर पीपॅप होतं, म्हणजे ग्राहकाकडे सॅम्पल आणि कागदपत्रं मंजुरीला पाठवणं. ट्रायल आणि पीपॅपमध्ये 45 दिवस धरलेले होते. पीपॅपची रेघ मात्र चारही रिपोर्टांत 30 मेवर आडवी. मार्चमध्ये दोन रेघांत 15 दिवस उरले आणि एप्रिलमध्ये त्यांनी एकमेकींना छेदलं: ट्रायलच्या आदल्या दिवशी पीपॅप! आधीच्या कामाची रेघ चढत असताना तिच्यावर अवलंबून असलेली आडवी राहिली, तर बहुधा तिचा विचार कुणी पुन्हा केलेलाच नसतो.

एकसारखा चढ असेल तर कारणही सतत चालू असलेलं शोधा. सुटी कारणं रेघेला मधूनच एक पायरी देतात, नंतर ती पुन्हा आडवी होते. टूल रूममध्ये जाऊन मशीनचं लोडिंग पाहिलं, तर चालू उत्पादनातल्या डाय दुरुस्तीला आल्या की ईडीएम मशीन त्यांना दिलं जात होतं आणि नवी डाय बाजूला राहत होती. दर महिन्याला हेच. टूल रूमच्या प्रमुखांनी वायर कट आणि इलेक्ट्रोडचं काम सातपूरच्या एका जॉब शॉपला दिलं आणि 20 जून ही तारीख दिली. एक मे आणि एक जून, दोन्ही रिपोर्टांत ती तीच राहिली. पीपॅप 4 ऑगस्टला होईल, हे ग्राहकाला एप्रिलमध्येच कळवता आलं.

उतार हा अंदाज आहे, तारीख ठरवून देणारा आकडा नाही. तीन रिपोर्ट होण्याआधी त्यावर काही बोलू नका. शेवटपर्यंत आडवी राहून तिरक्या रेषेजवळ एकदम उडी मारणारी रेघही भेटेल. तिथे माणसं तारीख न तपासता मागचीच पुन्हा लिहीत असतात, आणि उतार तुम्हाला काहीच सांगणार नाही. अशा वेळी तारखेऐवजी ‘काय काय बाकी आहे’ ते विचारा. आणि प्लॅन नव्याने मंजूर झाला म्हणून कुणी चार्ट कोरा करायला सांगितलं, तर त्या दिवशी एक उभी रेघ मारून तसं लिहा, पण जुन्या ओळी राहू द्या.