दोन्ही टोकं जखडलेला बार: खालचा आधार काढा, मग परत लावा

डिप्लोमा करून पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं रविवारी कोथरूडच्या अभ्यासिकेत माझ्याकडे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या शंका घेऊन येतात. बहुतेकांची गाडी अडते ती दोन्ही टोकं पक्की असलेल्या आणि मध्येच कुठेतरी लोड लावलेल्या बारपाशी. सूत्र पाठ असतं, पण लोड नेमकी किती लांबी ताणतो हे डोळ्यांसमोर आलेलं नसतं. म्हणून मी त्यांना नेहमी एकच गणित सावकाश सोडवायला लावतो.

९०० मिमी लांबीचा उभा स्टीलचा बार घ्या. क्षेत्रफळ ४०० चौरस मिमी, E = २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. वरचं टोक A, खालचं B, दोन्ही जखडलेली. वरून ३०० मिमीवर ६० किलोन्यूटनचा लोड खाली ओढतोय. इक्विलिब्रियम एवढंच सांगतं की R_A + R_B = ६०. अज्ञात दोन आणि समीकरण एक. सगळी बलं एकाच रेषेत असल्यामुळे मोमेंट घेऊनही काही हाती लागत नाही. दुसरं समीकरण मिळतं ते बारच्या लांबीतून: आधार हलत नाहीत, म्हणून बारची एकूण लांबी बदलू शकत नाही.

आता खालचा आधार मनातल्या मनात काढून टाका. बार वरून लोंबकळतोय. लोडमुळे ताणला जातो तो फक्त वरचा ३०० मिमीचा भाग. खालच्या ६०० मिमीत बलच नाही, तो जसाच्या तसा खाली सरकतो. म्हणून खालचं टोक उतरतं ६०,००० × ३०० / (४०० × २,००,०००) = ०.२२५ मिमी.

मग आधार परत लावा, म्हणजे R_B ने ते टोक वर ढकला. हा जोर मात्र संपूर्ण ९०० मिमीतून जातो. R_B × ९०० / (४०० × २,००,०००) = ०.२२५, यावरून R_B = २० किलोन्यूटन आणि R_A = ४० किलोन्यूटन. लोडच्या जवळचा आधार जास्त भार घेतो, कारण आखूड तुकडा जास्त ताठ असतो.

कुठला जोर किती लांबीवर, इथेच मुलं घसरतात. पहिल्या पायरीत ३०० ऐवजी ९०० घातले, तर R_B = ६० येतो आणि R_A शून्य. लोड वरच्या टोकाजवळ असताना वरचा आधार रिकामा बसणार नाही, त्यामुळे ही चूक लगेच दिसते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. वर ढकलताना ९०० ऐवजी ६०० घेतले, तर दोन्ही रिअ‍ॅक्शन ३०-३० येतात. बेरीज ६० जुळते, आकडा गोंडस दिसतो आणि पोरं पान उलटतात.

म्हणून मी उत्तराखाली दोन ओळींचा ताळा लिहायला लावतोच. वरच्या भागात ४०,००० / ४०० = १०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताण, म्हणून वाढ १०० × ३०० / २,००,००० = ०.१५ मिमी. खालच्या भागात ५० न्यूटन प्रति चौरस मिमी दाब, म्हणून आकुंचन ५० × ६०० / २,००,००० = ०.१५ मिमी. जेवढं वर वाढलं तेवढंच खाली आटलं. ३०-३० घेऊन हेच करा: वर ०.११२५, खाली ०.२२५. बेरीज बरोबर असूनही उत्तर चुकीचं आहे, हे ताळ्यानेच कळतं.

आधार काढून परत लावायची ही पद्धत मला आवडते, कारण प्रश्न बदलला तरी ती तशीच चालते. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असा बार दोन प्लेटांमध्ये बसवला आणि फीलर गेजने खाली ०.०९ मिमीची फट सापडली, असं धरा. मोकळं टोक उतरणार होतं ०.२२५, त्यातली ०.०९ फटीतच गेली. आधाराला परत ढकलायची उरली ०.१३५. म्हणून R_B = १२ आणि R_A = ४८ किलोन्यूटन. वरच्या भागातला ताण १०० वरून १२० वर गेला. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या फटीने वरच्या भागावर वीस टक्के जास्त भार टाकला!

फट ०.२२५ पेक्षा मोठी असेल तर बार खाली टेकतच नाही. तेव्हा R_B शून्य, वरचा आधार सगळे ६० किलोन्यूटन घेतो आणि ताण १५० होतो. या वेळी सूत्रात आकडे घातले तर R_B ऋण येतो, म्हणजे न टेकलेली प्लेट बारला खाली ओढतेय असा अर्थ निघतो. म्हणून फटीचं गणित समोर आलं की आधी मोकळ्या टोकाचं सरकणं काढा, ते फटीशी ताडून बघा आणि मगच कॉम्पॅटिबिलिटीचं समीकरण मांडा.