क्लेम फोनवरच नाकारला? लेखी कारण मागताना या चुका टाळा

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याचं बहुतेकांना फोनवरच कळतं. "सर, तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय, वेटिंग पिरियडमध्ये आहे." एवढं बोलून फोन बंद. वेटिंग पिरियड म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतरचा तो काळ, ज्यात ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही. हातात कागद नाही, कलम नाही, कोणी ठरवलं त्याचं नाव नाही. पुन्हा फोन केला की दुसरीच व्यक्ती दुसरंच कारण सांगते. अशा वेळी लेखी कारण मागायचं हे बऱ्याच जणांना सुचतं, पण मागण्याच्या पद्धतीत काही चुका होतात आणि प्रकरण लांबतं.

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका काकांचं प्रकरण घेते, कारण त्यात यातल्या जवळजवळ सगळ्या चुका होता होता टळल्या. काकूंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात जानेवारी 2026 मध्ये झालं. बिल 1,18,000 रुपये. कॅशलेस नाकारलं गेलं, म्हणून काकांनी पैसे स्वतः भरले.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं समजणं

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुमचं रिजेक्ट झालं." काका फाइल कपाटात ठेवूनच देणार होते. पण कॅशलेसची मंजुरी न मिळणं आणि क्लेम नामंजूर होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशलेस नाही मिळालं तरी बिलं, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट आणि भरलेला क्लेम फॉर्म देऊन पैसे परत मागता येतात. त्याला रिइम्बर्समेंट म्हणतात. ही मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. बऱ्याच पॉलिसींत ती डिस्चार्जनंतर 15 किंवा 30 दिवसांची असते. म्हणून लेखी कारण मागण्याआधी एक गोष्ट नक्की करा: नाकारलं आहे ते नेमकं काय? कागद दिलेच नसतील तर कंपनी निर्धास्तपणे उत्तर देईल की आमच्याकडे क्लेमच आलेला नाही.

काकांनी मुदतीत कागद दिले, पोच घेतली. पुढे काही आठवड्यांनी तो फोन आला: वेटिंग पिरियड. दोन दिवसांनी काकांनी स्वतः फोन केला आणि विचारलं, "अहो, काहून रिजेक्ट केला ते तर नीट सांगा." या वेळी उत्तर आलं की आजार जुना होता.

ज्याच्याशी बोलणं झालं त्यालाच पत्र पाठवणं

आपण सहसा ओळखीच्या माणसाला धरतो. एजंटला व्हॉट्सॲप, हॉस्पिटलच्या डेस्कला फोन, टीपीएला ईमेल. टीपीए म्हणजे विमा कंपनीसाठी कागदपत्रं तपासणारी मधली संस्था. पण क्लेम नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो आणि त्याचं उत्तर तिनेच द्यायचं असतं. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे जायला हवं. त्याचा ईमेल आणि पत्ता पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर असतो, कंपनीच्या वेबसाइटवरही असतो. टीपीएला फक्त प्रत.

ईमेल पॉलिसीत नोंदवलेल्या पत्त्यावरूनच करा. मुलाच्या ईमेलवरून पाठवलं की आधी ओळख पटवा म्हणून उत्तर येतं आणि आठवडा जातो. विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक आणि क्लेम क्रमांक घाला. ईमेलबरोबर एक छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुना सल्ला ऐकून खिडकीवर फक्त आरपीएडी मागू नका. स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याचा पुरावा हवा असं सांगा. पावतीवरच्या क्रमांकावरून पत्र कधी पोहोचलं ते पाहता येतं. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण पुढे तारीख सिद्ध करावी लागते.

पहिल्याच पत्रात वाद घालणं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते आणि ती चांगली, शिकलेली माणसं करतात. फोनवर "जुना आजार" ऐकलेलं असतं, म्हणून पत्रात दोन पानं खुलासा येतो: काकूंना चार वर्षांपूर्वी पोटात दुखलं होतं, पण ते ॲसिडिटीचं होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या वगैरे. कंपनीने लेखी काहीच म्हटलेलं नसताना आपणच तिच्या हाती जुन्या दुखण्याची कथा दिली. शिवाय कंपनीचं खरं कारण भलतंच असेल तर तो सगळा खुलासा वाया.

पहिलं पत्र फक्त विचारणारं असावं. फोनवर काय सांगितलं ते तारखेसह नोंदवायचं, ते बरोबर की चूक यावर एक अक्षर लिहायचं नाही. काकांचं पत्र साधारण असं झालं:

"माझ्या पत्नीच्या वरील क्लेमबाबत मला आपल्याकडून अमुक तारखेला अमुक क्रमांकावरून फोन आला. वेटिंग पिरियडमुळे क्लेम नामंजूर झाल्याचं सांगण्यात आलं. त्यानंतर अमुक तारखेला मी केलेल्या फोनवर आजार आधीचा असल्याचं कारण देण्यात आलं. आजपर्यंत मला कोणताही लेखी निर्णय मिळालेला नाही. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. क्लेमवर अंतिम निर्णय झाला आहे का, आणि कोणत्या तारखेला? तो पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे? कलम लागू करताना कोणती तारीख, कोणती वस्तुस्थिती आणि कोणता कागद आधार धरला? नामंजुरीला कंपनीच्या क्लेम आढावा समितीची मान्यता आहे का? वरील दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं."

समितीच्या मान्यतेचा प्रश्न बहुतेकांना ठाऊक नसतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या आरोग्य विम्यावरील मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीच्या किंवा तिच्या तीन सदस्यांच्या क्लेम आढावा समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही. आणि नाकारला, किंवा काही रक्कम कापली, तर पॉलिसीतल्या नेमक्या अटींचा हवाला देऊन तपशील कळवावा लागतो. पत्रात या सर्क्युलरचा एका ओळीत उल्लेख करा, त्याहून जास्त कायदा नको. फोनवर निर्णय सांगणाऱ्यापाशी अनेकदा समितीचा निर्णय नसतोच. स्क्रीनवरचा एक शेरा वाचून दाखवलेला असतो.

कारणातल्या "तारखे"वर मी का अडून बसते ते काकांच्या उत्तरातून कळेल. कंपनीचं लेखी उत्तर आलं: पित्ताशयातल्या खड्यांसाठी 24 महिन्यांचा वेटिंग पिरियड, पॉलिसी सुरू 1 एप्रिल 2025, म्हणून नामंजूर. जुन्या आजाराचं नावही नव्हतं. आणि 1 एप्रिल 2025 ही तारीख पाहताच घोळ उघडा पडला. काकांची पहिली पॉलिसी 1 एप्रिल 2022 पासून दुसऱ्या कंपनीत होती. तीन वर्षं खंड न पडता चालवून त्यांनी ती या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे जुने फायदे राखून हलवली होती. पोर्टिंगमध्ये आधी काढलेला वेटिंग पिरियड मोजला जातो, जुन्या विमा रकमेपर्यंत. जुनी रक्कम 3 लाख होती, नवी 5 लाख. 1,18,000 चं बिल जुन्या 3 लाखांच्या आतच बसतं. म्हणजे 24 महिने कधीच उलटले होते. कंपनीने नव्या पॉलिसीची तारीख धरली, एवढाच प्रकार. फोनवर "वेटिंग पिरियड आहे" या शब्दांवर काका कितीही भांडले असते तरी हे सापडलं नसतं.

दुसरं पत्र मग अर्ध्या पानाचं झालं. जुन्या तिन्ही वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती आणि पोर्टिंगचा अर्ज जोडला. क्लेम पुन्हा तपासला गेला आणि हातमोजे, फाइल चार्ज असल्या न मिळणाऱ्या बाबी वजा होऊन पैसे आले.

गोलमोल उत्तरावर थांबणं

सगळ्यांना काकांसारखं नेमकं उत्तर मिळत नाही. "आपला क्लेम पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार देय नाही" एवढंच आलं तर ते कारण नव्हे. लगेच तीन ओळींचं पत्र पाठवा: आपल्या अमुक तारखेच्या पत्रात कलम आणि आधार नाही, तो कळवावा. इथेही वाद नाही.

या चिकाटीचा पुढे थेट उपयोग होतो. कंपनी नामंजुरीच्या पत्रात दिलेल्या कारणापलीकडे जाऊन नंतर न्यायालयात नवं कारण पुढे करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गलाडा पॉवरच्या आणि 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटलं आहे. फोनवरचं कारण रोज बदलू शकतं. पत्रातल्या कारणाला कंपनी बांधली जाते, म्हणून ते तिच्याकडून स्पष्ट लिहून घेणं आपल्याच फायद्याचं.

विमा कंपनी सरकारी असेल तर आणखी एक वाट आहे. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून स्वतःच्या क्लेम फाइलमधल्या टिपणीची प्रत मागता येते. खासगी कंपनीला हा अर्ज चालत नाही.

उत्तराची वाट पाहत बसणं

तक्रारीचं उत्तर देण्यासाठी कंपनीला दोन आठवडे असतात. तेवढ्यात काही आलं नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवा किंवा 155255 वर फोन करा. तिथे मिळणारा टोकन क्रमांक जपून ठेवा. आयआरडीएआय स्वतः क्लेमचा निवाडा करत नाही, पण तक्रार नोंदली की कंपनीला तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि अडलेलं कारण बऱ्याचदा इथे बाहेर येतं.

त्यापुढे विमा लोकपाल. नागपूरसाठी हे कार्यालय पुण्याचं. मुंबईला पाठवू नका. फी नाही, वकील चालत नाही, तक्रार cioins.co.in वर करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, त्यामुळे पुण्याच्या खेपा घालाव्याच लागतात असं नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. अट ही की आधी कंपनीकडे लेखी दाद मागितलेली हवी, आणि तिने नाकारलेलं असावं, समाधानकारक उत्तर दिलेलं नसावं किंवा महिनाभर गप्प राहिलेली असावी. म्हणजे कारण मागणारं तुमचं पत्र "क्लेमचा फेरविचार करावा" या एका वाक्याने संपवलं, की कंपनी गप्प राहिली तरी तुमचा महिना मोजला जातो. लोकपालाकडे जायला त्यानंतर एक वर्ष असतं. फोनवरच्या बोलण्यापासून ही गणती सुरू होत नाही, हे वर्ष वर्ष फोन करत राहणाऱ्यांना फार उशिरा कळतं.

नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना त्याच क्लेमसाठी लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग गरज पडल्यास आयोग, हा क्रम ठेवा.