सिग्निफिकन्स सेक्शन एडिट करताना या चुका टाळा (पॅनेलवर तुमच्या विषयाचं कुणीच नसेल तेव्हा)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. रिसर्चच्या ग्रँटसाठी प्रपोजल निवडणाऱ्या अशा पॅनेलमध्ये बहुतेक वेळा तुमचं प्रपोजल नीट वाचणारे एक-दोघंच असतात, बाकीचे मीटिंगमध्ये त्यांच्याकडून ऐकतात. म्हणजे तुमची केस कुणीतरी तिसराच माणूस दोन-तीन मिनिटांत मांडणार, आणि तो कदाचित केमिस्ट्रीवाला किंवा अर्थशास्त्रवाला असेल. सिग्निफिकन्स सेक्शन त्याच्या तोंडी बसायला हवं. वाचायला छान आहे पण सांगता येत नाही, तर गेलंच म्हणून समजा.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचं प्रपोजल एडिट केलं होतं, तेच उदाहरण घेतो. विषय गुलाबी बोंडअळी. मूळ इंग्रजीत होतं, पहिला पॅरा मराठीत साधारण असा:

"कापूस हे भारतातील अत्यंत महत्त्वाचे नगदी पीक असून लाखो शेतकरी त्यावर अवलंबून आहेत. क्राय-१एसी व क्राय-२एबी रेझिस्टंट पॉप्युलेशनमुळे पिंक बोलवर्मचा प्रादुर्भाव गंभीर झाला आहे. तथापि ऑफ-सीझन डायपॉज कॅरीओव्हरच्या सोर्सेसबद्दल फारच कमी माहिती उपलब्ध आहे. सदर अभ्यास आयपीएम धोरणास बळकटी देईल."

यात खोटं काहीच नाही. पण हे वाचून मी माझ्या भावाला (बँकेत आहे) विचारलं, सांग बरं हिला काय शोधायचंय? तो म्हणाला "कापसावर कीड पडते आणि ते महत्त्वाचं आहे". बस एवढंच. ही टेस्ट तुम्हीही करा: विषयाबाहेरच्या माणसाला दोन मिनिटं वाचायला द्या, कागद काढून घ्या आणि विचारा की काय माहीत नाहीये आणि त्यामुळे कुणाचं काय अडलंय. उत्तरात फक्त विषयाचं नाव आलं तर सेक्शन नापास.

पहिली चूक म्हणजे फार वरून सुरुवात. नॉन-स्पेशालिस्ट आहेत म्हणून आपण "भारत कृषिप्रधान देश" पासून सुरू करतो, पण कापूस महत्त्वाचा आहे हे त्यांना माहीत असतंच हो! आणि त्याच ढिगातल्या इतर कापसाच्या प्रपोजलांतही तेच वाक्य असतं, मग तुमचं वेगळं काय राहिलं? प्रॉब्लेम मोठा आहे एवढं सांगून तुमचा प्रश्न मोठा होत नाही. ते वाक्य आम्ही उडवलं आणि थेट पार्श्वभूमी दोन ओळींत आणली: बीटी कापूस 2002 ला आला, दोन जनुकांचा 2006 ला, आणि अळीने दोन्ही पचवायला शिकून घेतलं, 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली. म्हणजे आता बियाण्याच्या भरवशावर राहता येत नाही, अळीला हंगामाच्या आधीच गाठावं लागतं. इथे वाचणारा आपोआप विचारतो, मग ती हंगामाआधी असते कुठे? बस, हाच तर तुमचा प्रश्न.

दुसरी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त दिसते: "फारच कमी माहिती उपलब्ध आहे". अरे कमी माहिती तर जगातल्या कशाबद्दलही आहे. ते वाक्य आलं की मी शेजारी लिहितो "मग?" आणि लेखक जे तोंडी सांगतो तेच खरं सिग्निफिकन्स असतं. मैत्रिणीने तोंडी सांगितलं ते असं की अळी उन्हाळा दोन ठिकाणी झोपून काढते, एक बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांत, आणि दुसरं जिनिंगमधल्या कापसात नि सरकीत, आणि पावसाच्या आसपास पतंग बाहेर पडतात. गावाने पऱ्हाट्या हटवायला मजूर लावायचे की जिनिंगभोवती सापळे लावायचे, पैसे दोन्हीला पुरत नाहीत, आणि कुठून किती पतंग निघतात हे त्या भागात कुणी शेजारी-शेजारी मोजलेलंच नाही. मी म्हटलं बाई, हेच लिही ना!

तिसरी चूक शब्दांची, पण सगळे समजतात तशी नाही. डायपॉजसारखा अवघड शब्द दिसला की वाचणारा थांबतो, निदान आपल्याला कळलं नाही हे त्याला कळतं. घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. "रेझिस्टंट" म्हटलं की बाहेरच्या माणसाला रोगाला दाद न देणारं पीक वाटतं, म्हणजे चांगली गोष्ट, आणि इथे रेझिस्टंट आहे ती अळी! त्यात बीटी कापसालाही लोक कीड-रेझिस्टंट म्हणतात, म्हणजे एकाच पानावर एकच शब्द दोन उलट्या अर्थांनी. "पॉप्युलेशन" म्हणजे माणसंच वाटतात. आणि "सिग्निफिकंट फरक" म्हटलं की आकडेशास्त्रवाला एक समजतो, अधिकारी दुसरं. त्यामुळे एडिट करताना लांब शब्दांआधी हे असले शब्द गोल करा आणि प्रत्येक ठिकाणी कोण काय करतंय ते लिहा: "बीटीचं विष खाऊनही न मरणारी अळी". लांब होतं, होऊ दे. संक्षेप फोडून लिहिणं हा मात्र उपाय नाही, आयपीएमचं इंटिग्रेटेड पेस्ट मॅनेजमेंट केलं तरी त्याला काय कळणार आहे.

एडिट केलेला पॅरा शेवटी असा झाला:

"बीटीचं विष खाऊनही न मरणारी गुलाबी बोंडअळी उन्हाळ्यात पऱ्हाट्यांच्या ढिगात आणि जिनिंगच्या आवारात लपून राहते. पावसाच्या सुमारास पतंग निघतात आणि कपाशीला पाते लागले की अंडी घालतात. गावाकडे दोन्ही ठिकाणी बंदोबस्त करण्याइतके पैसे नसतात, आणि जास्त पतंग कुठून येतात हे आमच्या भागात मोजलेले नाही. आम्ही 12 गावांत दोन वर्षं दोन्ही ठिकाणी जाळीचे पिंजरे लावून दर आठवड्याला पतंग मोजू. त्यावरून पैसे आधी कुठे घालायचे आणि कोणत्या आठवड्यात, हे गावाला ठरवता येईल."

पिंजऱ्याचं एकच वाक्य ठेवलंय बघा. जाळीचा आकार, ढीग कसे निवडणार वगैरे तीन ओळी होत्या त्या मेथडमध्ये ढकलल्या.

राहिली शेवटच्या वाक्याची चूक. मूळ ड्राफ्टच्या शेवटी "शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढेल" होतं. विषयातला माणूस असल्या वाक्याकडे दुर्लक्ष करतो, सवय असते त्याला, पण अर्थशास्त्रवाला तिथेच पकडतो की पतंग मोजून उत्पन्न कसं वाढेल, मधल्या पायऱ्या कुठायत. म्हणून दावा "गावाला ठरवता येईल" इथे थांबवला आणि खाली मर्यादा टाकली: शेजारच्या गावातून उडून येणारे पतंग या पिंजऱ्यांत मोजले जात नाहीत, आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तोच कापूस शेतात उभा ठेवला, तर हा सगळा हिशोब बदलतो. मैत्रीण घाबरली होती की मर्यादा लिहिली तर मार्क जातील. पण ती लिहिली नाही तर मीटिंगमध्ये कुणीतरी "पण पतंग उडतात ना?" विचारणारच, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता, तो केमिस्ट्रीवाला असतो.