निरोपाच्या व्हिडिओत सगळे एकच बोलू नयेत म्हणून

‘मॅडमबद्दल दोन शब्द बोला’ असा निरोप ग्रुपवर टाकला की बाराही जण ‘फार चांगला स्वभाव, खूप शिकायला मिळालं’ एवढंच पाठवतात. म्हणून प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या, तोही वैयक्तिक मेसेजवर.

समजा, वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडम निवृत्त होताहेत. नव्या मुलीला विचारा, पहिल्या आठवड्यात त्यांनी काय दाखवलं? शिपाईदादांना विचारा, सकाळी आल्या आल्या त्या काय करतात? ठाण्याहून एकाच लोकलने घरी जाणाऱ्या मैत्रिणीला डब्यातल्या गप्पांचं विचारा. साहेबांना एकच प्रसंग सांगायला लावा, ज्यात मॅडमनी काम निभावून नेलं. उत्तरात नाव, वस्तू किंवा जागा आली नाही, तर पुन्हा मागा.

मेसेजमध्ये एवढंच लिहा:
१. मोबाइल आडवा धरा, खिडकीकडे तोंड करा.
२. वीस सेकंद, म्हणजे साधारण चाळीस शब्द. वाचू नका.
३. बोलण्याआधी आणि नंतर दोन सेकंद गप्प राहा, नाहीतर जोडताना पहिला शब्द कापला जातो.
४. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ पाठवला तर चित्र धूसर होतं.

बारा क्लिपा म्हणजे चार मिनिटं. त्याहून लांबवू नका. सुरुवात हलक्या आठवणीने करा, साहेब मधे, सर्वांत जवळची मैत्रीण शेवटी.

पंखा मात्र बंद करायला सांगा. हॉलच्या स्पीकरवर त्याच्या घरघरीत बोलणं बुडतं, आणि ते नंतर नीट सुधारत नाही.