गावाकडून खरेदीखताचे फोटो आले की आधी काय वाचाल?

परदेशात नुकतेच आलेल्यांना वर्ष-दोन वर्षांत एक फोन हमखास येतो: "प्लॉट चांगला आहे, मालकाचं खरेदीखत पाठवलंय, पैसे पाठव." पैसे पाठवण्याआधी ते खत शेवटाकडून वाचायला घ्या. इथून जागा बघता येत नाही, पण कागद नीट बघता येतो.

महाराष्ट्रातल्या दस्तात शेवटच्या पानांवर दुय्यम निबंधकाचे शेरे असतात: सादरीकरण, फी, कबुली, ओळख. त्यातला कबुलीचा शेरा सर्वात मोलाचा, कारण लिहून देणाऱ्याने 'हा दस्त मी करून दिला' असं तिथे मान्य केलेलं असतं. पानावर दस्त क्रमांक आहे, पण कबुली आणि शेवटचं नोंदणीचं प्रमाणपत्र नाही, तर तो दस्त फक्त सादर झालेला असू शकतो. नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. कबुली कुलमुखत्याराने दिली असेल, तर ते कुलमुखत्यारपत्रही मागवा.

मग सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. समजा, खतात मोबदला 18 लाख आणि सूचीत बाजारभाव 21 लाख आहे. यात गैर काही नाही, मात्र मुद्रांक शुल्क दोहोंपैकी मोठ्या रकमेवर लागतं. दर 5 टक्के धरला तर 1,05,000 रुपये भरलेले दिसायला हवेत. 90,000 च दिसले, तर 15,000 कुठे गेले ते विचारा. सवलत असेल तर तिचा उल्लेख दस्तात हवा. कमी मुद्रांकाचा दस्त तूट आणि दंड भरल्याशिवाय कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मोबदल्याचे चेकही एकेक करून बेरजेत धरा. 18 पैकी 8 लाख 'पुढील तारखेच्या चेकने' असतील, तर ते वटल्याचा पुरावा हवाच. राहिलेल्या रकमेसाठी आधीच्या विक्रेत्याचा त्या जागेवर बोजा राहू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ चतुःसीमेला द्या. आताच्या खतात 'पूर्वेस रस्ता' आहे आणि त्याआधीच्या खतात त्याच बाजूला 'याच गटातील उर्वरित क्षेत्र' आहे, असं दिसलं तर थांबा. मधल्या काळात रस्ता मंजूर झाला असेल, तर तो मंजूर रेखांकनात दिसेल. तिथे नसेल, तर कदाचित दुसऱ्याच्या मालकीच्या पट्ट्यालाच रस्ता म्हटलंय, आणि प्लॉटवर जायला हक्काची वाट नाही. म्हणून मागचं खत, रेखांकन आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवून चारही दिशा जुळवा. घरच्यांना जागेवर पाठवा, चारही बाजूंचे फोटो मागवा, आणि लगतचा मालक म्हणून ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याशी बोलायला सांगा.