मेसच्या काका-मावशींचे आभार मानताना यादीतून कोण सुटतं?

सत्र संपताना मेसच्या आणि सफाईच्या लोकांचे आभार मानायचं काम बहुतेक वेळा ज्याचे पेपर आधी संपतात त्याच्या गळ्यात पडतं. पहिल्यांदाच हे काम आलं असेल तर घाबरू नका. वर्गणी, कार्ड, चार शब्द हे सगळं जमून जातं. खरं फसतं ते यादीत, आणि फसल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

यादी करायला बसलं की आपल्याला जेवणाच्या वेळेला दिसणारे चेहरे आठवतात: वाढणारे, मुख्य आचारी, सकाळी आपल्या मजल्यावर झाडू मारणाऱ्या मावशी. पण मेसचं निम्मं काम आपण ताट ठेवून गेल्यावर सुरू होतं आणि संडास-बाथरूमची सफाई आपण तासाला असताना होते. म्हणजे सर्वांत कष्टाचं काम करणारी माणसंच आपल्याला कमी दिसतात आणि नेमकी तीच यादीतून गळतात. कार्यक्रमात सगळ्यांना पाकीट मिळतं आणि मोरीपाशी भांडी घासणाऱ्या मावशींना ते दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळतं. त्यापेक्षा कार्यक्रम न केलेला बरा.

गेल्या वर्षीची यादी सीनियरकडून मागून घेणं हा सोपा रस्ता वाटतो. माझं स्पष्ट मत आहे की तो घेऊ नये. कंत्राटी माणसं वर्षभरात बदलतात आणि जुन्या यादीतलं सुटलेलं नाव नव्या यादीतही सुटलेलंच राहतं. सुपरवायझरने फोनवर सांगितलेली यादीही पुरी पडत नाही, कारण तो स्वतःच्या पाळीची माणसं सांगतो. हजेरीपत्रक बघायला मिळालं तर उत्तम, पण त्यात बदलीवर येणारे असतीलच असं नाही.

यादी दोन दिवसांत नीट होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तीन वेळा जायचं: सकाळी नाश्त्याच्या तासभर आधी, दुपारी भांडी घासली जात असताना आणि रात्री मेस बंद झाल्यावर. सफाईसाठी सकाळी अकराच्या सुमारास, वसतिगृह रिकामं असताना, प्रत्येक मजल्यावर एक फेरी मारायची. जो भेटेल त्याला दोनच प्रश्न विचारायचे. ‘तुमचं पूर्ण नाव काय लिहू?’ आणि ‘तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या जागी कोण येतं?’ दुसऱ्या प्रश्नाने जेवढी नावं निघतात तेवढी कुठल्याही कागदावरून निघत नाहीत. पहिला प्रश्नही टाळू नका. ज्यांना सगळे चार महिने नुसतं ‘काका’ म्हणतात, त्यांचं नाव कार्डावर चुकीचं लिहिलं तर ते कार्ड त्यांचं राहत नाही. नाव लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा.

उदाहरणादाखल 240 मुलांचं एक वसतिगृह धरू. आठवून केलेल्या यादीत 9 नावं येतात. फेऱ्या मारल्यावर स्वयंपाकघरात 8 जण निघतात: मुख्य आचारी 1, मदतनीस 3, वाढणारे 2, भांडी घासणाऱ्या 2. सफाईचे 6: मजल्यांवर 3, संडास-बाथरूमला 2, कचरा उचलणारा 1. हे झाले 14. ‘तुमच्या जागी कोण’ या प्रश्नातून बदलीवर येणारे 2 निघतात, रात्रपाळीचा सफाई कामगार 1 आणि सत्राच्या मध्यात काम सोडून गेलेल्या मावशी 1. एकूण 18, म्हणजे आठवलेल्या नावांच्या दुप्पट.

आता वाटणी. आचाऱ्याला जास्त आणि सफाईला कमी, असा हिशोब करू नका. हुद्द्याचा फरक पगारात असतोच, आभारात तो आणायचं कारण नाही. फरक करायचाच तर सत्रातल्या दिवसांचा करा. सत्रभर काम केलेल्याला पूर्ण वाटा, निम्म्याहून कमी दिवस केलेल्याला अर्धा. वरच्या उदाहरणात पूर्ण वाटे 15 (ते 14 आणि रात्रपाळीचा 1), अर्धे वाटे 3, म्हणजे एकूण साडेसोळा वाटे. समजा 180 मुलांनी सारखी वर्गणी दिली कार्ड-पाकिटांना 5 वर्गण्या लागल्या आणि एखादं नाव सुटलंच तर म्हणून 10 बाजूला ठेवल्या. उरल्या 165. साडेसोळाने भागलं की पूर्ण वाट्याला 10 वर्गण्या आणि अर्ध्याला 5. हा हिशोब पाकिटं भरायच्या आधी दोघांनी वेगवेगळा करून ताडून बघावा. वर्गणी ऐच्छिकच ठेवा आणि कोणी दिली नाही याची यादी कुठेही लावू नका.

पैसे देण्याआधी वॉर्डनना लेखी विचारा. काही ठिकाणी रोख भेट चालत नाही आणि ती घेतल्याचा त्रास कामगारालाच होतो. परवानगी असेल तर पाकीट ज्याच्या त्याच्या हातात, बंद, सारख्याच आकाराचं. कंत्राटदाराकडे एकरकमी सोपवू नका. तो प्रामाणिक असला तरी कोणाला किती पोचलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. रोख चालत नसेल तर निराश होऊ नका, कारण पत्र बरेचदा पाकिटापेक्षा जास्त उपयोगी पडतं. प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र हवं: पूर्ण नाव, काम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, त्यांनी नेमकं काय चांगलं केलं याचं एक वाक्य, तारीख, मेस कमिटीची सही आणि जमल्यास वॉर्डनची सही. एक प्रत त्यांना, एक वॉर्डनच्या फायलीला. कंत्राट बदललं की नव्या माणसापुढे ठेवायला त्यांच्याकडे एक कागद असतो.

ते एक वाक्य मात्र खरं असू द्या. ‘तुम्ही आम्हाला घरासारखं प्रेम दिलंत’ हे अठराही जणांना लिहिता येतं, म्हणून ते कोणालाच लिहू नये. ‘परीक्षेच्या काळात उशिरा येणाऱ्यांची ताटं तुम्ही झाकून ठेवलीत’ किंवा ‘पावसात जिना ओला राहू दिला नाहीत’ हे त्या एकाच माणसाचं असतं.

कार्यक्रम शेवटच्या दिवशी ठेवू नका, तोवर निम्मी मुलं गेलेली असतात. शेवटच्या जेवणाच्या चार-पाच दिवस आधी, दुपारची भांडी आटोपून रात्रीची तयारी सुरू व्हायच्या मधला वेळ धरा. वीस मिनिटं पुरे, आणि ती ड्यूटीत धरली जातील हे सुपरवायझरकडून आधी पक्कं करा. नाहीतर आभार ऐकण्यासाठी त्यांना घरी जायला उशीर होतो. त्या दिवशी खाणं बाहेरून आणा, मुलांनीच वाढायचं आणि नंतरची झाडलोटही मुलांनीच करायची. फुगे आणि चमकी नकोच, ती झाडायला पुन्हा त्याच मावशी येतात. फोटो विचारून काढा.

रात्रपाळीचा माणूस दुपारी येणार नाही. त्याचं पत्र आणि पाकीट घेऊन दोघातिघांनी त्याच दिवशी रात्री त्याच्या कामाच्या वेळेला जावं. आणि एवढं करूनही एखादं नाव सुटल्याचं कळलं तर पुढच्या सत्राचा वायदा करू नका. यासाठीच एक कोरं कार्ड आणि एका वाट्याची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली बरी. सगळ्यांना देऊन झाल्यावर ती रक्कम उरलीच तर कुठे गेली हे मुलांना सांगा. सुटलेल्या माणसाकडे त्याच संध्याकाळी जा आणि सरळ सांगा, ‘मावशी, आमच्याकडून तुमचं नाव राहिलं, चूक आमची आहे.’