वाळूत छान येतं, वहीत का नाही? अक्षरसुधार खेळांतल्या या चुका टाळा

वाळूच्या ताटात मूल झकास ‘व’ काढतं. पाच मिनिटांनी वही उघडली की तोच ‘व’ फाटका: पोट एकीकडे, उभी रेघ दुसरीकडे. अशा वेळी दोष बहुतेकदा मुलाच्या हातात नसतो, खेळ मांडण्यात असतो.

आधी ताटाचं पाहू. वाळूचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की बोट रुततं, कडा ढासळतात आणि रेघ दिसण्याऐवजी चर पडतो. तळाला काळा किंवा गडद निळा कागद चिकटवा आणि त्यावर चाळलेली कोरडी वाळू किंवा जाडा रवा इतकाच पसरा, की बोट फिरताच खालचा रंग दिसावा. पावसाळ्यात रव्याच्या गुठळ्या होतात, तेव्हा तो आधी कोरडा भाजून गार करून घ्या. घरात असतेच म्हणून पांढरी रांगोळी वापरू नका. तिची भुकटी उडते, नाकाडोळ्यांत जाते. गोल ताटही टाळा. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकतं, आणि गोल काठाला ‘वरची बाजू’ नसते. मिठाईच्या चौकोनी खोक्याचं झाकण उत्तम. त्याची वरची कड हीच शिरोरेघ, असं मुलाला सांगायचं.

दुसरी चूक, एका बैठकीत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत धावण्याची. हाताला वर्णमालेचा क्रम कळत नाही, वळण कळतं. म्हणून एका आठवड्यात एकाच वळणाची अक्षरं घ्या. पोट असलेली व, ब, क एकत्र घेता येतात.

फाटका ‘व’ दुरुस्त करायचा तर त्याचं पोट उभ्या रेघेला दोन ठिकाणी चिकटतं, हे मुलाला दिसलं पाहिजे. वाळूत उजवीकडे, एकाखाली एक, साधारण चार सेंटीमीटर अंतरावर राजम्याचे दोन दाणे ठेवा. बोट वरच्या दाण्यापासून निघेल, डावीकडे गोल वळसा घेईल आणि खालच्या दाण्यावर येऊन थांबेल. मग दाणे उचला आणि त्यांच्या खुणांवरून वरच्या कडेपासून खाली सरळ रेघ ओढू द्या. पोट सुटतंय ते कुठे, हे आता लगेच कळतं. वळसा खालच्या दाण्याच्या अलीकडेच संपत असेल, तर मूल घाई करतंय. दाण्याच्या खाली उतरत असेल, तर वळसा फार लांबट आहे. उलट्या दिशेने गोल निघत असेल, तर बोट निघण्याची जागाच चुकते आहे, तेव्हा वरच्या दाण्यापाशी कागदाचा छोटा बाण ठेवा. शाळेत अक्षराचे भाग काढण्याचा क्रम वेगळा शिकवत असतील तर तोच पाळा. घरचा एक आणि शाळेचा एक असे दोन क्रम झाले की गोंधळ वाढतो.

हवेत लिहिण्यात मोठी माणसं हमखास एक गोष्ट विसरतात. मुलाच्या समोर उभं राहून आपण ‘व’ काढला, तर त्याला तो आरशातला दिसतो. त्याच्याकडे पाठ करून किंवा शेजारी त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. हात खांद्यापासून हलला पाहिजे, नुसतं मनगट फिरवून उपयोग नाही. तोंडाने ‘वळसा... खाली रेघ... वर रेघ’ म्हणायचं. हवेत मात्र खूण उरत नाही, त्यामुळे चुकलेलं अक्षर तिथे सापडतच नाही. हा खेळ हालचालीचा क्रम पक्का करण्यासाठी तीन-चार वेळाच, आणि वाळूत अक्षर जमल्यावर.

हाताला वळण लागावं म्हणून गिरवायच्या नक्षीच्या बाबतीत सर्वात जास्त फसगत होते. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या बऱ्याच नक्ष्या इंग्रजी जोडअक्षरी लिपीसाठी असतात: खालच्या रेषेवर बसलेले, उजवीकडे झुकलेले सलग फासे. मराठीसाठी वर एक रेघ आखा आणि नक्षी तिच्यातून खाली लोंबू द्या, तोरणासारखी. आधी उभ्या काड्या, मग डावीकडे फुगलेले अर्धगोल, मग ‘भ’सारख्या अक्षरांसाठी गाठी. काड्यांतलं अंतर सारखं येऊ लागलं की शब्दांतलं अंतरही सुधारायला लागतं.

आणि वाळूतून थेट वहीत उडी नको. बोटाने लिहिताना पेन्सिलीची पकड शिकली जात नाही. म्हणून वाळू झाली की त्याच बैठकीत खडूच्या जेमतेम तीन सेंटीमीटरच्या तुकड्याने पाटीवर तळहाताएवढं अक्षर, मग कोऱ्या कागदावर निम्म्या उंचीचं आणि शेवटी दुरेघी वहीत फक्त पाच. तुकडा इतका छोटा असला की मुठीत धरताच येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. पाचपैकी तीन पोटं बंद झाली की पुढचं अक्षर घ्या, नाही तर उद्या पुन्हा दाणे. सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरतात.

रोज करूनही दोन महिन्यांत काहीच बदललं नाही, लिहिताना हात दुखतो किंवा मूल वहीवर नाक टेकवून बसतं, तर आधी डोळे तपासा, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. तिथे वहीची जुनी पानं घेऊन जा. सुवाच्य केलेली नकोत, घाईत लिहिलेलीच न्या.